व्हीआरमध्ये गाडी 'लागते', दुरुस्त केलं तरी परत लागते: शोध कुठून सुरू करायचा

माझा मावसभाऊ कोल्हापूरला असतो. कार्टिंग करतो, आंबा घाटातून रात्री-अपरात्री गाडी हाकतो, आणि आजवर त्याला कधी गाडी लागलेली नाही. गेल्या वर्षी त्याने जुना क्वेस्ट २ हेडसेट घेतला आणि दहा मिनिटांत गार पडला. "दादा, आधी तोंडाला पाणी सुटतं, मग कपाळावर घाम, आणि मग हेडसेट काढून फरशीवर आडवं पडावं लागतं." रविवारी काहीतरी बदलायचा, बरं वाटायचं. बुधवारी तेच सेटिंग, तीच गाडी, आणि पुन्हा आडवा. हे 'पुन्हा'च मला खटकलं. जे एकदा दुरुस्त होतं आणि आपोआप बिघडतं, त्याचं कारण बहुतेक वेळा पोटात सापडत नाही.

त्याच्याकडचं सामान असं: क्वेस्ट २ केबलने पीसीला जोडलेला, आरटीएक्स ३०६० कार्ड, टेबलाला आवळलेलं लॉजिटेक जी२९ चाक, आणि असेटो कोर्सा हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, सोबत कंटेंट मॅनेजर व कस्टम शेडर्स पॅच. खेळ २०१४ चा आहे, पण व्हीआरमध्ये आजही पुष्कळ लोक तोच चालवतात. खाली लिहिलेलं याच जोडीसाठी आहे. दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये मेनूची नावं बदलतील, शोधायचा क्रम बदलणार नाही.

आधी एफओव्हीची पट्टी सोडून द्या

त्याने तीन आठवडे जे केलं ते म्हणजे खेळातली फील्ड ऑफ व्ह्यूची, म्हणजे किती अंशांचं जग दिसतं त्याची, पट्टी ५६ वरून ४०, मग ३० वर आणली. कुठेतरी वाचलं होतं की 'बरोबर' एफओव्ही ठेवला की मळमळ जाते. हे खरं आहे, पण मॉनिटरसाठी. २७ इंची मॉनिटरची उंची साधारण ३३.६ सेंटिमीटर असते. डोळ्यांपासून तो ७० सेंटिमीटरवर असेल तर तुमच्या डोळ्यात तो उभ्या दिशेने जेमतेम २७ अंश व्यापतो. असेटो कोर्सातला आकडा उभ्या एफओव्हीचा असतो, म्हणजे तिथे ५६ ठेवला तर दुप्पट रुंद जग त्या खिडकीत कोंबलं जातं. सगळं लांब आणि वेगवान दिसतं, वळणं चुकतात.

हेडसेटमध्ये ही भानगडच नाही. भिंगं किती अंश दाखवतात ते कारखान्यातच ठरलेलं असतं आणि खेळाला तेवढंच चित्र काढावं लागतं. पट्टी ३० वर न्या किंवा ८० वर, हेडसेटमधल्या चित्राला फरक पडत नाही. मग त्याला एका रविवारी बरं का वाटलं? त्या दिवशी तो एकटाच लॅप मारत होता, शर्यत नव्हती. हा धागा पुढे कामाला आला.

व्हीआरमध्ये एफओव्हीशी खेळायचा एक खरा मार्ग आहे, पण तो शेवटचा. त्याच्याआधी दोन आजार वेगळे करावे लागतात.

पिटमध्ये उभी गाडी: दोन मिनिटांची परीक्षा

व्हीआरमध्ये मळमळण्याची दोन मुळं आहेत आणि दोन्हींचा शेवट एकाच पोटात होतो, म्हणून लोक गोंधळतात. पहिलं मूळ: तुम्ही डोकं हलवता आणि चित्र नीट मागे येत नाही. उशिरा येतं, धक्के खात येतं किंवा थोडं चुकीचं येतं. दुसरं मूळ: डोकं स्थिर आहे, चित्र निर्दोष आहे, पण डोळे सांगतात 'ताशी १८० ने जातोय, ब्रेक लागला, उजवीकडे वळलो' आणि आतल्या कानातली तोलाची इंद्रियं सांगतात 'आपण कोल्हापुरात खुर्चीवर बसलोय'. एसटीत मागच्या सीटवर पुस्तक वाचणाऱ्याचं याच्या उलट होतं. त्याचे डोळे स्थिर असतात आणि कान हलत असतात. तंटा तोच.

पहिलं मूळ सेटिंगने जवळजवळ पूर्ण जातं. दुसरं कमी होतं, पूर्ण जात नाही. म्हणून कुठलं आहे हे आधी कळलं पाहिजे.

गाडी पिटमध्ये उभी ठेवा, इंजिन चालू असू दे. हेडसेट घालून दोन मिनिटं नुसतं डोकं हलवा: डावा आरसा, उजवा आरसा, खाली गिअरकडे, मग पुढे वाकून डॅशबोर्डवरचे आकडे वाचा. गाडी जागेवरच आहे, म्हणजे कान आणि डोळे यांच्यात भांडण व्हायचं कारण नाही. तरीही डोकं जड झालं, तर दोष चित्रात किंवा ट्रॅकिंगमध्ये आहे आणि तो मिटेपर्यंत ट्रॅकवर जायचंच नाही. दोन मिनिटं आरामात गेली, तर दुसऱ्या मुळाकडे वळा.

मग तीच परीक्षा वीस गाड्यांच्या शर्यतीत, ग्रीडवर उभं राहून करा. भावाच्या बाबतीत उत्तर इथे फुटलं. रिकाम्या पिटमध्ये तो ठणठणीत होता. ग्रीडवर मान वळवली की खिडकीच्या खांबाच्या कडा पाण्यात ठेवलेल्या काठीसारख्या वाकायच्या. हे त्याने मला कधी सांगितलंच नव्हतं, कारण त्याला वाटलं 'व्हीआर असंच असतं'.

कडा वाकतात म्हणजे काय होतं

९० हर्ट्झवर प्रत्येक चित्रासाठी ११.१ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात पीसीला जमलं नाही, तर हेडसेटच्या ऑक्युलस सॉफ्टवेअरमधली असिंक्रोनस स्पेसवॉर्प ही सोय आपोआप चालू होते. खेळाला ती ४५ वर आणते आणि मधलं प्रत्येक दुसरं चित्र अंदाजाने बनवते. लांबच्या झाडांचा अंदाज बरा येतो. डोळ्याजवळचा खांब आणि त्यामागून धावणारी झाडं यांच्या सीमेवर तो चुकतो, म्हणून कडा वाकतात. नेमकं डोकं वळवताना वाकतात, आणि वळणात आपण नेमकं डोकंच वळवतो.

असेटो कोर्सात ग्रीडवर चित्र अडतं त्याचं एक कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. संगणकाने चालवलेल्या प्रत्येक गाडीचं गणित प्रोसेसर करतो, ग्राफिक कार्ड नाही. त्यामुळे सावल्या, गवत कितीही कमी करा, वीस गाड्या असतील तर अडतंच. आणि आरसे: आरशातलं जग पुन्हा वेगळं काढावं लागतं.

मोजायला `OculusDebugTool.exe` उघडा. तो इथे असतो:

```
C:\Program Files\Oculus\Support\oculus-diagnostics\
```

त्यात `Visible HUD` मध्ये `Performance` निवडलं की हेडसेटमध्ये एक पाटी तरंगते. तिच्यावरची हेडरूमची टक्केवारी बघा. ती उणे झाली की समजायचं, वेळ संपतोय. भावाची टक्केवारी एकट्याने लॅप मारताना अधिक २५ च्या आसपास होती, ग्रीडवर उणे १८.

उपाय तीन केले. मेटा लिंकच्या पीसी ॲपमध्ये रिफ्रेश ९० वरून ७२ हर्ट्झवर आणला, म्हणजे प्रत्येक चित्राला १३.९ मिलिसेकंद मिळाले. प्रतिस्पर्धी १९ वरून ९ केले. आरशांचा दर्जा खाली आणला. ग्रीडवर हेडरूम अधिक १२ झाली. '७२ म्हणजे कमी, ९० म्हणजे चांगलं' असं त्याचं म्हणणं होतं. माझं मत स्पष्ट आहे: न अडखळणारं ७२ हे मधूनमधून ४५ वर घसरणाऱ्या ९० पेक्षा पोटाला कितीतरी हलकं जातं. ७२ चा सूक्ष्म लुकलुकाट काहींना जाणवतो, त्यांनी ८० वापरून बघावं.

आणि 'परत तेच' का होत होतं

याचं उत्तर त्याच डिबग टूलमध्ये होतं. स्पेसवॉर्प बंद करणं, चित्राची कापणी, पिक्सेलची घनता, हे सगळं तिथे बदललं की लागू होतं, पण पीसी बंद करून चालू केला किंवा ऑक्युलसची सेवा पुन्हा सुरू झाली की पूर्ववत होतं. भाऊ रविवारी सगळं लावायचा. सोमवारी संगणक बंद. बुधवारी त्याला वाटायचं सेटिंग रविवारचंच आहे.

म्हणून त्याच फोल्डरमधल्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये हे लिहून ठेवायचं, समजा नाव `vr.txt`:

```
service set-client-fov-tan-angle-multiplier 0.85 0.80
server:asw.Off
exit
```

आणि खेळायला बसण्याआधी त्याच फोल्डरमधून हे चालवायचं:

```
OculusDebugToolCLI.exe -f vr.txt
```

त्याची बॅच फाइल करून, आत दोन्ही फाइलींचे पूर्ण पत्ते अवतरणचिन्हांत देऊन, डेस्कटॉपवर ठेवली की रोज दोन क्लिकचं काम. स्पेसवॉर्प `Off` करण्यात एक मेख आहे: हेडरूम नसताना तो बंद केला तर कडा वाकणार नाहीत, पण सगळं जग थरथरेल, आणि ते जास्त वाईट. आधी गाड्या कमी करा, मग बंद करा. पहिल्या ओळीतल्या आकड्यांबद्दल पुढे.

ट्रॅकिंग: ट्यूबलाइट, पंखा आणि पाच अंश

क्वेस्ट स्वतःच्या कॅमेऱ्यांनी खोली बघून डोकं कुठे आहे ते ठरवतो. त्याला स्थिर खुणा हव्यात. भावाची टेबल-खुर्ची कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर होती, वर छताचा पंखा आणि पंख्याच्या वर ट्यूबलाइट. पंखा सुरू केला की पात्यांच्या सावल्या भिंतीवर फिरायच्या. हेडसेटला भिंतीवर खुणा सापडत नव्हत्या, आणि जे दिसत होतं ते हलत होतं. लक्षण असं: गाडी उभी, डोकं स्थिर, तरी स्टिअरिंग हळूहळू एखादा सेंटिमीटर सरकतं आणि मग टुणकन जागेवर येतं. डोळ्यांना ते जेमतेम दिसतं, पण पोटाला पुरतं कळतं.

भिंतीवर दोन कॅलेंडरं आणि एक जुनं पोस्टर लावलं, ट्यूबलाइट बंद करून बाजूला टेबल-लॅम्प ठेवला. हेडसेटच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रीक्वेन्सी असते. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून तिथे ५० निवडायचं. ऑटोवर बहुधा बरोबर पकडतो, पण परदेशातून आणलेल्या जुन्या हेडसेटमध्ये कुणीतरी ६० करून ठेवलेलं असू शकतं.

वारा मात्र बंद करू नका, टेबलफॅन घ्या आणि तोंडावर सोडा. आतल्या उकाड्याने मळमळ वाढते, आणि वारा एकाच दिशेने लागत राहिला की शरीराला 'समोर कुठे आहे' याचा पत्ता मिळतो. माझ्यासाठी एवढ्यानेच पाच मिनिटं वाढली.

मग मध्यबिंदू. गाडी चालवताना जसे बसता तसेच बसा, पाठ टेकलेली, हात चाकावर, नजर सरळ, आणि `Ctrl+Space` दाबा. बहुतेक जण हे कीबोर्डवर वाकून दाबतात. वाकलेल्या अवस्थेतच मध्य ठरतो, आणि पाठ टेकली की डोकं सीटच्या मागे जातं. दिशा पाच अंश चुकली तर आणखी वाईट: सरळ रस्त्यावर गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी सरकतेय असं वाटतं, कारण दृश्य ज्या बिंदूतून उमलतं तो नाकासमोर नसतो. हे बटण चाकावरच्या एखाद्या बोटाजवळच्या बटणाला बांधून टाका.

भिंगांमधलं अंतर तर मी विचारायलाच विसरलो होतो. क्वेस्ट २ मध्ये ते तीनच ठिकाणी बसतं: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. आरशासमोर पट्टी धरून मोजलं तर भावाच्या बाहुल्यांमधलं अंतर ६६ निघालं, हेडसेट ५८ वर. भिंगं पुसताना ती हाताने सरकतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ६८ वर केल्यावर त्याची डोळ्यांमागची ठणक गेली. ती मळमळ नव्हती, पण मळमळीत भर घालत होती.

डोकं तुमचं, खेळाचं नाही

आता दुसरं मूळ. मॉनिटरवर वेग जाणवावा म्हणून खेळ चालकाचं डोकं स्वतः हलवतो: ब्रेकला पुढे, वळणात बाजूला, वेगात थरथर. व्हीआरमध्ये हे विष आहे, कारण तुमची मान हलली नाही आणि तरी डोळे सरकले. कंटेंट मॅनेजरमध्ये असेटो कोर्साच्या व्ह्यू पानावर जी-फोर्सच्या तीनही अक्षांच्या पट्ट्या आणि वेगातली थरथर शून्यावर आणा. मग कस्टम शेडर्स पॅचमध्ये `NeckFX` उघडा आणि वळणाकडे आपोआप बघणारी कुठलीही सोय बंद करा. वळणाकडे बघायला तुमची मान आहे.

त्याच भागात क्षितिजाशी जुळवण्याची सोय असते, आणि इथे सरसकट उत्तर नाही. कॅमेरा गाडीला पक्का बांधला, तर गाडी खड्ड्यात डोलली की डॅशबोर्ड स्थिर आणि सगळं जग डोलतं. क्षितिजाला बांधला, तर जग स्थिर आणि डॅशबोर्ड डोलतो. मळमळणाऱ्याला दुसरं जवळजवळ नेहमी बरं, कारण जगाला मेंदू 'जमीन' मानतो. पण उताराच्या ट्रॅकवर याची किंमत द्यावी लागते. स्पाला ओ रूजच्या तळातून रेडियोंच्या चढावर जाताना बॉनेट वर उचललं जातं आणि रस्ता त्याच्यामागे लपतो. नॉर्डश्लाइफेच्या कारुसेलमध्ये तर गाडी खोलगट काँक्रीटवर कलते आणि तुम्ही सरळ बसलेले, म्हणजे दाराकडे पडल्यासारखं वाटतं. भावासाठी पूर्ण न जुळवता निम्म्याच्या आसपास ठेवलं: खड्ड्यांचा डोल निम्मा होतो, चढ अजून चढासारखा दिसतो.

तुमच्याकडे हलणारी मोशन खुर्ची असेल तर गोष्ट वेगळी आहे. खुर्ची तुम्हाला पुढे झुकवते, हेडसेटला वाटतं तुम्हीच वाकलात, आणि तो डोळे डॅशबोर्डमध्ये घुसवतो. त्यासाठी खुर्चीची हालचाल वजा करणारं मोशन कॉम्पेन्सेशन लागतं. ते नसताना क्षितिजाच्या सेटिंगशी खेळण्यात अर्थ नाही.

शेवटी एफओव्ही, पण कापून

वेगाचा भास प्रामुख्याने नजरेच्या कडेतून येतो. बाजूने वाहणारं गवत, कठडे, झाडं. म्हणून कडा झाकल्या की भास कमी होतो आणि कानाशी होणारा तंटाही. कोलंबिया विद्यापीठातल्या फर्नांडिस आणि फायनर यांनी २०१६ मध्ये हेच दाखवलं: हालचाल वाढली की दृश्य हळूच आक्रसतं आणि स्थिरावलं की उघडतं, असं केलं की लोकांचा त्रास कमी होतो आणि बऱ्याच जणांना आक्रसल्याचं कळतही नाही.

असेटो कोर्सात असं हलतं आक्रसणं नाही, पण वरच्या फाइलमधली पहिली ओळ कायमची कापणी करते. आकडा अंशांचा नाही, कोनाच्या टॅन्जंटचा आहे. समजा एकूण ९० अंश दिसतात, म्हणजे मध्यापासून ४५. टॅन्जंट १. त्याला ०.८५ ने गुणलं की कोन साधारण ४०.४ होतो, म्हणजे एकूण ८१ अंश. पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. ०.८५ गुणिले ०.८० म्हणजे ०.६८, म्हणून जवळजवळ एक तृतीयांश पिक्सेल काढायचे वाचतात आणि ग्राफिक कार्डही मोकळा श्वास घेतं. सगळ्या उपायांत हा एकच असा आहे जो दोन्ही मुळांवर चालतो.

किती कापायचं? उभ्या दिशेने बिनधास्त कापा, वर छत आणि खाली मांड्या बघून कुणी शर्यत जिंकलेली नाही. आडव्या दिशेने ०.८० च्या खाली गेलात की बाजूला आलेली गाडी दिसत नाही, म्हणून डोकं जास्त फिरवावं लागतं. आणि दृश्य फिरत असताना डोकं तिरकं करणं हे मळमळीचं खात्रीचं औषध आहे, उलट्या अर्थाने. म्हणजे जास्त कापून परत तिथेच. कडा काळी दिसेल, हेल्मेट घातल्यासारखी. दोन दिवसांत ती दिसेनाशी होते.

त्याचा पुढचा पंधरवडा

माजिओने हा ट्रॅक घेतला, कारण तो सपाट आणि जेमतेम अडीच किलोमीटरचा आहे, आणि गाडी अबार्थ ५००, छप्पर व खांब असलेली. उघड्या कॉकपिटची फॉर्म्युला गाडी मुद्दाम टाळली. डोळ्यांना धरून ठेवायला तिथे कमी असतं. नियम एकच: पहिलं लक्षण दिसलं की थांबायचं. पहिलं लक्षण म्हणजे मळमळ नव्हे. त्याच्या आधी जांभई येते, लाळ वाढते, कपाळ गार पडतं. 'अजून दोन लॅप' म्हणून दाबून नेलं की शरीर हेडसेटचा वाससुद्धा मळमळीशी जोडून टाकतं, आणि मग तो नुसता हातात घेतला तरी पोट ढवळतं. एसटीतल्यासारखी गोळी घेऊन बसायचं त्याने विचारलं होतं. ॲव्होमिनने झोप येते आणि कुठलं सेटिंग लागू पडलं हे कळत नाही, म्हणून मी नको म्हटलं. ज्यांना चक्कर किंवा कानाचा जुना त्रास आहे त्यांनी हे प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावेत.

पहिल्या दिवशी तो नऊ मिनिटांत थांबला, चौथ्या दिवशी अठरा. सहाव्या दिवशी परत सातच मिनिटं, आणि फोन आला. मी विचारलं, बॅच फाइल चालवलीस? नव्हती चालवली. विंडोज अपडेट होऊन पीसी आपोआप रीस्टार्ट झाला होता आणि कापणी, स्पेसवॉर्प सगळं मूळपदावर गेलं होतं. मग ती फाइल विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये लॉगिनच्या एका मिनिटानंतर चालेल अशी लावली, कारण लगेच चालवली तर ऑक्युलसची सेवा तोवर उठलेली नसते.

चौदाव्या दिवशी त्याने दहा गाड्यांची पंचवीस मिनिटांची शर्यत पूर्ण केली. दोन गोष्टी अजून सोसत नाहीत. गाडी गिरकी खाते तेव्हा तो डोळे मिटतो आणि टायरचा आवाज थांबल्यावरच उघडतो. आणि रिप्ले तो हेडसेट काढून मॉनिटरवर बघतो.